शाई, च्युइंगम आणि तेल: डाग काढायचा म्हणजे तो कुठे पाठवायचा

खिशात बॉलपेनची रिफिल गळली की बहुतेक घरांत शर्ट थेट नळाखाली जातो. साबण लावून तो जोरात चोळला जातो आणि पाच मिनिटांत रुपयाएवढा डाग तळहाताएवढा होतो. यात साबणाचा दोष नाही. बॉलपेनच्या शाईत पाणी जवळजवळ नसतंच. तिचा रंग बेंझिल अल्कोहोल किंवा फिनॉक्सीइथेनॉल यांसारख्या दाट, सावकाश सुकणाऱ्या द्रावकांत विरघळवलेला असतो आणि तो कागदाला धरून राहावा म्हणून त्यात थोडं रेझिन मिसळलेलं असतं. अशी शाई पाण्यात विरघळत नाही. चोळल्यावर ती फक्त शेजारच्या स्वच्छ धाग्यांवर सरकते आणि धाग्यांच्या पिळात आणखी खोल जाते.

तेल आणि च्युइंगम यांचंही पाण्याशी असंच वाकडं आहे, म्हणून हे तिन्ही डाग एकत्र समजून घेणं सोयीचं. प्रत्येकाला सैल करणारा पदार्थ वेगळा असतो: शाईला अल्कोहोल, तेलाला साबण, च्युइंगमला आधी थंडी. पण सैल झालेला डाग हवेत विरून जात नाही. त्याला जायला दुसरी जागा द्यावी लागते, आणि ती दिली नाही तर तो त्याच कापडात आजूबाजूला पसरतो. घरगुती उपाय फसतात ते बहुधा इथेच. औषध बरोबर असतं, डागाला वाट दिलेली नसते.

शाळेच्या गणवेशाचा पांढरा टेरीकॉट शर्ट घेऊ. खिशाखाली बॉलपेनच्या निळ्या शाईचा डाग आहे. औषधांच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा सर्जिकल स्पिरिट आणावं. घरात पाण्यासारखा पातळ, रंग नसलेला सॅनिटायझर असेल तर तोही चालतो. जेलवाला सॅनिटायझर टाळावा, कारण त्यातला घट्ट करणारा पदार्थ कापडात राहतो. आधी शर्टाच्या आतल्या शिवणीवर स्पिरिटचे दोन थेंब टाकून वर पांढरा कापूस मिनिटभर दाबून धरावा. कापसाला कापडाचा रंग लागला नाही तरच पुढे जावं. पांढऱ्या शर्टाला याची फारशी गरज नसते, रंगीत कुर्त्याला मात्र ही परीक्षा हवीच.

मग शर्ट उलटा करावा. डागाची बाजू खाली आणि तिच्याखाली जुन्या पांढऱ्या सुती कापडाची चार पदरी घडी. आता मागच्या बाजूने स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने हलकेच टिपायचं, चोळायचं नाही. डागाच्या कडेकडून मध्याकडे यायचं, म्हणजे निळं कडं बाहेर पसरत नाही. काही क्षणांत खालच्या घडीवर निळा ठसा उमटतो. ठसा उमटला की घडी सरकवून कोरा भाग डागाखाली आणायचा आणि बोळाही बदलायचा. हे कंटाळवाणं काम आहे, पण सगळं यश याच सरकवण्यात आहे. त्याच घडीवर टिपत राहिलं तर निघालेली शाई परत शर्टात चढते. ठसे फिके होत होत थांबले की द्रावकाचं काम संपलं. शर्टावर अजून सावली दिसत असेल तर ती बहुधा रेझिनला चिकटलेल्या उरल्यासुरल्या रंगाची असते. तिच्यावर भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब घालून बोटाने मुरवावेत, दहा मिनिटं ठेवावं आणि गार पाण्याने मागच्या बाजूने धुवावं. डाग गेल्याची खात्री उजेडात करून घेईपर्यंत इस्त्री करू नये. उष्णतेने उरलेला रंग कापडात पक्का बसतो.

स्पिरिट लगेच पेट घेतं, म्हणून हे काम गॅसपासून आणि देवघरातल्या निरांजनापासून लांब, खिडकी उघडून करावं.

आता अडचण अशी की प्रत्येक पेन बॉलपेन नसतं. जेलपेनच्या बऱ्याच शायांमध्ये विरघळलेला रंग नसतो, रंगद्रव्याचे बारीक कण पाण्याच्या जेलमध्ये तरंगत ठेवलेले असतात. कण स्पिरिटमध्ये विरघळत नाहीत. दोष देण्याजोगं पेन हाताशी असेल तर कोऱ्या कागदावर त्याची एक रेघ ओढावी, ती सुकू द्यावी आणि तिच्यावर स्पिरिटचा एक थेंब सोडावा. थेंबाबरोबर रंग बाहेर धावून कडं झालं, तर स्पिरिट उपयोगी पडेल. रेघ होती तिथेच काळीकुट्ट राहिली, तर त्या शाईत कण आहेत. असा डाग मागून पाण्याच्या धारेने आणि लिक्विडने जितका निघेल तितकाच निघतो. तो सुकण्याआधी हात घातला तर बराच निघतो, सुकल्यावर पुसटशी खूण बहुधा राहतेच. तिच्यामागे लागून कापड झिजवू नये. टूथपेस्टचा उपाय नेमकं हेच करतो: तिच्यातली खर रंगाबरोबर धाग्याचे तंतूही खरवडते. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये ॲसिटोन असेल तर धोका आणखी मोठा. कोटाच्या अस्तरात किंवा चकचकीत सॅटिनमध्ये ॲसिटेटचा धागा असू शकतो आणि तो ॲसिटोनमध्ये चक्क विरघळतो. डागाच्या जागी भोक पडतं.

सोफ्यावर हीच शाई सांडली की सगळा हिशोब बदलतो, कारण डागाखाली घडी ठेवायला जागाच नसते. कापडाखाली लगेच फोम असतो. वरून स्पिरिट ओतलं तर सुटलेली शाई त्या फोममध्ये उतरते आणि वर सगळं स्वच्छ झाल्यासारखं वाटतं. पुढे कापड सुकताना ओल वरच्या पृष्ठभागाकडे खेचली जाते, कारण बाष्पीभवन तिथेच होतं, आणि तिच्याबरोबर शाईही वर येते. दुसऱ्या दिवशी डाग परत आलेला दिसतो. तो नवा नसतो, खाली लपलेला वर आलेला असतो.

म्हणून सोफ्यावर डागाने वरच्या वरच निघून जायला हवं. पांढरं फडकं स्पिरिटने जेमतेम ओलसर करायचं, पिळल्यावर थेंब पडू नये इतकंच. डागावर दाबायचं, उचलायचं, फडक्याची कोरी बाजू घ्यायची, परत दाबायचं. मग कपभर कोमट पाण्यात पाव चमचा लिक्विड घालून त्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने टिपायचं. त्यानंतर साध्या पाण्याच्या फडक्याने दोन-तीनदा टिपून साबण काढायचा. हा शेवटचा टप्पा वगळला तर काही आठवड्यांनी तीच जागा करडी दिसू लागते. लोकांना वाटतं डाग परतला, पण प्रत्यक्षात चिकट साबणावर धूळ बसलेली असते. शेवटी त्या जागेवर कोरड्या टिपकागदांची किंवा सुती कापडाची जाड घडी ठेवून वर चार पुस्तकांचं वजन रात्रभर ठेवायचं. आतून वर येणारी ओल आता सोफ्याच्या कापडात न थांबता घडीत शिरते आणि उरलेला रंगही घेऊन जातो. सकाळी घडी उचलून पाहिली तर तिच्यावर फिकट निळा गोल दिसतो. शर्टाखाली ठेवलेली घडी इथे वर आलेली आहे, इतकाच फरक.

सोफ्याच्या गादीखाली चिठ्ठी शिवलेली असेल तर तिच्यावरचं अक्षर आधी वाचावं. ‘डब्ल्यू’ म्हणजे पाण्याचं मिश्रण चालेल, ‘एस’ म्हणजे फक्त द्रावक, पाणी नको, ‘डब्ल्यूएस’ म्हणजे दोन्ही चालतील, आणि ‘एक्स’ म्हणजे फक्त ब्रश किंवा व्हॅक्यूम. कारागिराकडून करून घेतलेल्या सोफ्याला अशी चिठ्ठी क्वचितच असते, तिथे मागच्या खालच्या कोपऱ्यावरची परीक्षा हाच आधार. मखमलीवर दाबतानाही लव एका बाजूला बसते, ती ओली असतानाच मऊ ब्रशने उभी करावी. रेक्झिनला यातलं काही लावू नये, स्पिरिटने त्याच्यावरचा थर जातो.

आपल्या घरातल्या सोफ्यावर शाईपेक्षा तेलच जास्त लागतं. डोकं टेकतं तिथे खोबरेल, मांडीवरच्या ताटातून फोडणीचं. ही दोन तेलं वेगळी वागतात. खोबरेलातली बहुतेक मेदाम्लं संपृक्त असतात, हवेतल्या ऑक्सिजनशी त्यांची फारशी प्रक्रिया होत नाही. म्हणून खोबरेलाचा जुना डागही तेलच राहतो आणि उशिरासुद्धा निघतो. करडई आणि सूर्यफुलाच्या तेलात असंपृक्त मेदाम्लं भरपूर असतात. ती ऑक्सिजन घेऊन एकमेकांना जोडली जातात आणि काही आठवड्यांत डाग पिवळा, कडक होत जातो. जवसाच्या तेलात हे इतक्या जोरात होतं की त्याचाच व्हार्निश करतात. फोडणीच्या तेलाचा डाग म्हणूनच त्याच दिवशी काढावा. इस्त्री किंवा ड्रायरची उष्णता या प्रक्रियेला वेग देते.

ताज्या तेलावर आधी पाणी नाही, पावडर. कॉर्नफ्लोअर किंवा साधी टाल्कम पावडर जाडसर पसरून शर्टावर अर्धा तास, सोफ्यावर रात्रभर ठेवावी आणि मग व्हॅक्यूमने ओढून घ्यावी. कणांमधल्या बारीक फटी तेल शोषतात, म्हणजे इथेही डागाला दुसरी जागाच दिली. बेसन वापरू नये, त्याचा स्वतःचा पिवळेपणा राहतो. थंडीच्या दिवसांत खोबरेल साधारण 24 अंशांखाली थिजतं आणि थिजलेलं तेल पावडरीत चढत नाही, तेव्हा हे काम भर दुपारी करावं. उरलेल्या तेलावर लिक्विड. सुती कपडा गरम पाण्याने धुतला तर तेल लवकर सुटतं. पॉलिस्टरला मात्र तेलाची ओढ असते, त्यामुळे त्याला लिक्विड दोनदा लावावं लागतं.

च्युइंगम हा शेवटचा आणि त्यातल्या त्यात सोपा. त्याचा चिवट भाग पूर्वी चिकूच्या झाडाच्या चिकापासून करत, आता तो पॉलिआयसोब्युटिलीन, पॉलिव्हायनिल ॲसिटेट यांसारख्या कृत्रिम बहुवारिकांचा असतो. थंड झाला की तो ताठ होतो आणि कापडावरची पकड सोडतो. शर्ट पिशवीत घालून तासभर फ्रीझरमध्ये ठेवावा. सोफ्यावर प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घालून पंधरा-वीस मिनिटं दाबून धरावा, म्हणजे पाणी कापडात जात नाही. मग चमच्याच्या कडेने किंवा जुन्या एटीएम कार्डाने तुकडे उडवावेत. उन्हाळ्यात तो एक-दोन मिनिटांत पुन्हा मऊ पडतो. ओढल्यावर तार निघाली की लगेच थांबून परत बर्फ लावावा. कागद ठेवून इस्त्री फिरवण्याचा उपाय उलटा आहे, त्याने च्युइंगम वितळून धाग्यांत उतरतो. मागे राहणारा चिकट थर निलगिरी तेलाचे दोन-तीन थेंब फडक्यावर घेऊन टिपला की सुटतो. इथे पेट्रोल किंवा रॉकेल वापरू नये, आग आणि वाफ दोन्ही घातक. निलगिरीचा डाग उरला तर तो तेलाचा डाग समजून लिक्विडने काढायचा.

पैठणी, जरीकाठ, लोकर आणि रेशीम यांना घरी द्रावक लावू नये, आणि क्लोरीनचं ब्लीच तर कधीच नाही, कारण ते प्रथिनांचे हे धागे तोडतं. अशा कपड्यावरचा जादा पदार्थ कोरड्या कापडाने टिपून घ्यावा आणि कपडा ड्रायक्लीनरकडे द्यावा. देताना त्याला काय सांडलं, कधी सांडलं आणि घरी काय काय लावून पाहिलं, हे तिन्ही सांगावं. पाणी लागून गेलेल्या शाईला आणि न लागलेल्या शाईला तो वेगळी द्रव्यं वापरतो.