EDATE की DATE: २९ फेब्रुवारीचं वर्ष नक्की कधी भरतं?

सोसायटीच्या लिफ्टचा वार्षिक देखभाल करार, म्हणजे एएमसी, २९ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला असं धरा. वर्षभराने तो कधी संपतो? २०२५ मध्ये २९ फेब्रुवारी नाहीच. एक्सेल मात्र अडत नाही, एररही दाखवत नाही. कुठलं सूत्र वापरलं त्यावर उत्तर बदलतं, एवढंच.

सुरुवातीची तारीख A2 मध्ये आहे. पुढची दोन्ही सूत्रं ‘एक वर्ष पुढे’ यासाठी सर्रास वापरली जातात:

```
=EDATE(A2,12)
=DATE(YEAR(A2)+1,MONTH(A2),DAY(A2))
```

पहिलं २८ फेब्रुवारी २०२५ देतं, दुसरं १ मार्च २०२५. `EDATE` महिना सोडत नाही: त्या महिन्यात ती तारीख नसेल तर महिन्याच्या शेवटच्या दिवशी थांबतं. `DATE` दिवस मोजत जातं: फेब्रुवारीचे २८ दिवस संपल्यावर एकोणतिसावा म्हणजे १ मार्च. दोन्ही आपापल्या नियमाने बरोबर आहेत आणि इतर कुठल्याही तारखेला दोघांचं उत्तर एकच येतं. त्यामुळेच ती एकमेकांच्या जागी बिनधास्त वापरली जातात.

खरं नुकसान होतं ते एकाच शीटमध्ये दोन्ही मिसळली की. समजा ‘कराराचा शेवटचा दिवस’ या रकान्यात `=EDATE(A2,12)-1` आहे आणि ‘नवा करार सुरू’ या रकान्यात, दुसऱ्या कुणीतरी नंतर घातलेलं, `DATE` चं सूत्र. १५ जून २०२४ च्या करारासाठी १४ जून आणि १५ जून २०२५ अशी जुळणारी जोडी येते. आपल्या लिफ्टच्या ओळीत मात्र शेवटचा दिवस २७ फेब्रुवारी आणि नवा करार १ मार्च. म्हणजे २८ फेब्रुवारी २०२५ ला लिफ्ट कुठल्याच करारात नाही. त्या दिवशी लिफ्ट अडकली तर दुरुस्तीचा खर्च कुणाचा, यावरून वाद होणारच. शिवाय नूतनीकरणाची यादी महिन्याप्रमाणे गाळली, तर ही ओळ फेब्रुवारीच्या यादीत न येता मार्चच्या यादीत जाते, आणि आठवणीचं पत्रही उशिरा निघतं.

मग कुठलं वापरावं? माझं मत असं की देखभाल करारासारख्या मुदतीच्या कामात दोन्ही रकान्यांत `DATE` ठेवावं. शेवटचा दिवस २८ फेब्रुवारी, नवा करार १ मार्च, मध्ये खंड नाही आणि ग्राहकाचा दिवसही जात नाही. दरमहा हप्त्यांना मात्र `EDATE` च हवं. ३१ जानेवारी २०२५ नंतरचा हप्ता `DATE` ने महिना एकने वाढवून काढलात तर तो ३ मार्चला जातो आणि फेब्रुवारी कोरा राहतो. अर्थात करारातच तारीख लिहिलेली असेल तर तीच खरी. सूत्राने तिच्यावर मात करू नये. नवा करार लिहिताना ‘लीप वर्ष नसल्यास अमुक तारीख’ असं एक वाक्य घालून ठेवलं तर प्रश्नच मिटतो.

दुसरी चूक हळू वाढते. पुढच्या वर्षाची तारीख मागच्या वर्षाच्या तारखेवरून काढली, म्हणजे `=EDATE(B2,12)` असं खाली ओढत नेलं, तर २८ फेब्रुवारी २०२५ वरून २०२६, २०२७ आणि २०२८ मध्येही २८ च येते. २०२८ लीप वर्ष असूनही मूळ २९ तारीख परत येत नाही, कारण B2 ला ती माहीतच नाही. `DATE` ची अशी साखळी केली तर ती १ मार्चवरच अडकते. उपाय एकच: प्रत्येक वर्षाची तारीख मूळ A2 वरून काढायची.

```
=EDATE(A2,48)
```

हे २९ फेब्रुवारी २०२८ देतं. `A2+365` च्या तर वाटेलाच जाऊ नये. पहिल्या वर्षी २८ फेब्रुवारी येते म्हणून ते बरोबर वाटतं, पण चार वर्षांचे १४६० दिवस मिळवले की २८ फेब्रुवारी २०२८ हाती लागते, एक दिवस कमी.

एक्सेलबाहेरही हीच फूट आहे. PostgreSQL मध्ये २९ फेब्रुवारी २०२४ त एक वर्ष मिळवलं तर २८ फेब्रुवारी येते, SQLite मध्ये १ मार्च. पायथनमध्ये `date(2024,2,29).replace(year=2025)` लिहिलं तर तारीखच मिळत नाही, थेट `ValueError` येतो. २९ फेब्रुवारी २०१२ ला मायक्रोसॉफ्टची अ‍ॅझ्युर सेवा कोलमडली ती अशाच कारणाने: प्रमाणपत्राची मुदत काढताना फक्त वर्षाचा आकडा एकने वाढवला गेला आणि २९ फेब्रुवारी २०१३ ही नसलेली तारीख तयार झाली.

तुमच्या शीटमध्ये हे आहे का ते पाहायला A2 त २९ फेब्रुवारी २०२४ टाका आणि २०२८ पर्यंतची ओळ बघा. पहिली तीन वर्षं एकतर सगळी २८ फेब्रुवारी किंवा सगळी १ मार्च यायला हवीत, आणि चौथ्या वर्षी २९ फेब्रुवारी. शेवटच्या दिवसाचा रकाना प्रत्येक वर्षी नव्या कराराच्या बरोबर एक दिवस आधी हवा.