रात्रभर जागून पेपरला बसणं

"परीक्षेच्या आदल्या रात्री झोपायचं कशाला? कडक कॉफी मारायची, सगळं रिव्हाइज होतं."

होत नाही. पेपर सकाळी ११ चा, तुम्ही आदल्या दिवशी ७ ला उठलेले. म्हणजे प्रश्नपत्रिका हातात येते तेव्हा २८ तास जागरण झालेलं. डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये मोजलं, तेव्हा २४ तासांच्या जागरणाने हात-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.१० टक्के अल्कोहोल असल्यासारखा बिघडला होता. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ०.०३ आहे!

वाचलेलं पक्कं होतं ते बरंचसं झोपेत. त्यात जागलेला मेंदू नवीन माहितीही नीट साठवत नाही. खूण सोपी: एकच परिच्छेद तिसऱ्यांदा वाचताय आणि पुस्तक मिटलं की दोन ओळीही सांगता येत नाहीत.

कॉफी झोपेची गरज भागवत नाही. थकव्याचा निरोप देणाऱ्या अ‍ॅडेनोसिनची जागा अडवते, एवढंच. तरतरी येते, हे खरं. पण संध्याकाळी ५ च्या कॉफीतलं साधारण निम्मं कॅफिन रात्री १० लाही अंगात असतं. म्हणून शेवटचा कप दुपारीच. संध्याकाळी तासाभराने उठून दहा मिनिटं गच्चीवर चक्कर मारा, मोबाइल खालीच ठेवून. अकराला दिवा बंद. राहिलेला धडा सहाला उठून चाळता येतो.