दोघांच्या नावांचे नंबर जुळवायची भानगड आली कुठून

लग्न ठरतंय किंवा नुसतंच कुणीतरी आवडलंय, की कुणीतरी हमखास विचारतं, तुमच्या दोघांचा सोल अर्ज नंबर काढलाय का? मग दोघांची पूर्ण नावं इंग्लिश स्पेलिंगमध्ये टाकायची, दोन-तीन आकडे येतात, आणि कुणीतरी सांगतं की तुमचं जमतं किंवा जपून राहा. जन्मतारखेवरून येणारे मूलांक, भाग्यांक वेगळे. हा सगळा प्रकार फक्त अक्षरांचा. पूर्ण नावातल्या सगळ्या अक्षरांची बेरीज म्हणजे एक्स्प्रेशन नंबर (काहीजण याला डेस्टिनी नंबरही म्हणतात), फक्त स्वरांची बेरीज म्हणजे सोल अर्ज, आणि उरलेल्या व्यंजनांची ती पर्सनॅलिटी. सोल अर्ज म्हणजे माणसाला आतून काय हवंय, एक्स्प्रेशन म्हणजे तो जगात काय करून दाखवतो, असा अर्थ लावतात, म्हणून जोडीदार जुळवताना आधी सोल अर्ज बघतात आणि मग एक्स्प्रेशन.

प्रत्येक अक्षराला 1 ते 9 मधला आकडा देणाऱ्या टेबलाला पायथागोरसचं नाव चिकटलंय आणि तिथूनच घोळ सुरू होतो. पायथागोरस इ.स.पू. सहाव्या शतकातला ग्रीक माणूस, त्याला इंग्लिशची 26 अक्षरं कुठून माहीत असणार? जे हे अक्षर आय पासून नीट वेगळं झालं तेच मुळी सोळाव्या-सतराव्या शतकात. म्हणजे आपण वापरतो ते टेबल त्याचं असूच शकत नाही. पण म्हणून सगळंच कालपरवाचं आहे असंही नाही, आणि मला यातली इंटरेस्टिंग गोष्ट हीच वाटते.

ग्रीक लोक आकडे लिहायला अक्षरंच वापरायचे. आल्फा 1, बीटा 2, असं 9 पर्यंत, मग पुढची अक्षरं 10, 20, 30 आणि त्यापुढची 100, 200 अशी 900 पर्यंत. त्यामुळे कुठलाही शब्द लिहिला की तो आपोआप एक संख्याही व्हायचा, मुद्दाम काही टेबल शोधून काढायची गरजच नव्हती. आता यातली शून्यं टाकून द्या, म्हणजे 20 चे पण 2 आणि 200 चे पण 2. या उरलेल्या आकड्याला ते पाया किंवा मूळ अशा अर्थाचा शब्द वापरायचे. आजच्या टेबलात ए, जे, एस या तिघांना 1 मिळतो तो याच ग्रीक सवयीची नक्कल आहे, फक्त तिथे त्याला कारण होतं आणि इथे सरळ नऊ-नऊच्या ओळी पाडल्यात.

नावांची तुलना कशी करायची हे सविस्तर लिहून ठेवलंय ते एका विरोधकाने. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये हिपोलिटस नावाचा ख्रिस्ती लेखक होता, त्याने सगळ्या चुकीच्या मतांना झोडपणारा एक मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात ज्योतिषी वगैरे मंडळींबरोबर या नावांचे आकडे काढणाऱ्यांनाही धुतलं. धुवायचं म्हणून त्याने त्यांची पद्धत उदाहरणासकट दिली. गंमत म्हणजे ग्रंथाचा हा भाग कित्येक शतकं गायबच होता, 1842 मध्ये अथोस पर्वतावर हस्तलिखित सापडलं तेव्हा कुठे लोकांना कळलं.

त्याचं उदाहरण प्रेमाचं नाही, मारामारीचं आहे. ट्रॉयच्या युद्धाच्या कथेतले हेक्टर आणि पॅट्रोक्लस लढले तर कोण जिंकणार? हेक्टरची ग्रीक अक्षरं एप्सिलॉन 5, काप्पा 2, टाउ 3, ओमेगा 8, ऱ्हो 1, बेरीज 19, म्हणजे 10, म्हणजे 1. पॅट्रोक्लसची बेरीज 34, म्हणजे 7. नियम असा की एक सम आणि एक विषम असेल तर मोठा आकडा जिंकतो, दोन्ही सम किंवा दोन्ही विषम असतील तर लहान. इथे 1 आणि 7 दोन्ही विषम, म्हणून हेक्टर जिंकला. कथेतही हेक्टरच पॅट्रोक्लसला मारतो, त्यामुळे हिशोब बरोबर आला की नाही बघा! (उत्तर आधीच माहीत असलं की हिशोब बरोबर येतोच, हा नियम तेव्हापासूनचा.)

आणि पुढे तो सांगतो की काही मंडळी नावातले स्वर वेगळे काढतात, अर्धस्वर वेगळे, मुकी व्यंजनं वेगळी, आणि प्रत्येक गटाची तुलना स्वतंत्र करतात. म्हणजे स्वर बाजूला काढायची आयडिया अठराशे वर्षांपूर्वी होती, फक्त तिला आत्म्याची ओढ वगैरे कुणी म्हणत नव्हतं. हिपोलिटसची तक्रारही आजची वाटते. कुणी 9 ने हिशोब करतं, कुणी 7 ने, कुणी नावात दोनदा आलेलं अक्षर एकदाच धरतं, कुणी दोन्ही वेळा. उत्तर पटलं नाही की पद्धत बदलायची.

प्रेम, स्वभाव, आतली ओढ हे सगळं नंतर अमेरिकेत चढलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अटलांटिक सिटीमध्ये एल. डाऊ बॅलिएट नावाच्या बाई होत्या, 1905 पासून त्यांची पुस्तकं येत गेली. त्या काळात तिथे मनाच्या शक्तीने आयुष्य घडवा छापाची चळवळ जोरात होती, आणि बाईंनी आकड्यांना व्हायब्रेशन म्हणायला सुरुवात केली. मग ज्युलिया सेटन आणि त्यांची मुलगी जूनो जॉर्डन यांनी ते पुढे नेलं, कॅलिफोर्नियात संस्थाही काढली. न्यूमरॉलॉजी हा शब्दसुद्धा याच सुमाराचा. लढाईत कोण जिंकणार हा प्रश्न गेला आणि मी कोण, मला काय हवंय, माझं कुणाशी पटेल हे प्रश्न आले. जन्माच्या दाखल्यावरचं पूर्ण नाव घ्यायचं हा आग्रहही या नव्या शाखेतला.

आता प्रत्यक्ष करून बघू. जोडी अशी घेऊ की जिचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे: पिअर क्युरी आणि मारिया सालोमेआ स्क्लोडोव्स्का, म्हणजे आपल्या मेरी क्युरी. लग्न 1895, नोबेल 1903, आणि 1906 मध्ये पिअर रस्त्यात घोडागाडीखाली गेले.

```
1 AJS  2 BKT  3 CLU  4 DMV  5 ENW
6 FOX  7 GPY  8 HQZ  9 IR

PIERRE 44 + CURIE 29 = 73 -> 10 -> 1
  स्वर 19 + 17 = 36 -> 9
MARIA 24 + SALOMEA 21 + SKLODOWSKA 31 = 76 -> 13 -> 4
  स्वर 11 + 13 + 13 = 37 -> 10 -> 1
```

पिअरचं एक्स्प्रेशन 1, सोल अर्ज 9. मारियाचं एक्स्प्रेशन 4, सोल अर्ज 1. जुळवायची सगळ्यात चालू पद्धत म्हणजे तीन गट: 1-5-7 एकत्र, 2-4-8 एकत्र, 3-6-9 एकत्र. एकाच गटात आले की सहज पटतं, नाही आले की मेहनत घ्या. इथे एक्स्प्रेशन 1 आणि 4 वेगळ्या गटात, सोल अर्ज 9 आणि 1 तेही वेगळ्या गटात. एकाच शेडमध्ये राबून रेडियमपर्यंत पोचलेल्या जोडप्याला हे टेबल फारसं काही देत नाही.

पण थांबा, मधलं नाव गाळून नुसतं मारिया स्क्लोडोव्स्का धरलं तर 24 अधिक 31 म्हणजे 55, म्हणजे 1. पिअरचा पण 1! एका मधल्या नावावर न जुळणारी जोडी एकदम तंतोतंत जुळली, सोल अर्ज मात्र 6 झाला. लग्नानंतरचं मेरी क्युरी घेतलं तर एक्स्प्रेशन 3 आणि सोल अर्ज 5, म्हणजे पुन्हा वेगळंच काहीतरी. शिवाय पोलिश स्पेलिंगमध्ये तिच्या आडनावातल्या एल वर तिरकी रेघ असते, त्या अक्षराला या टेबलात जागाच नाही, आपण गुपचूप साधा एल धरला. जुळवणारे यावर म्हणतात की जन्माचं नाव मूळ आणि लग्नाचं नाव वरचा थर, दोन्ही बघायची. ठीक आहे, पण मग कुठल्याही जोडीला दोन-तीन संधी मिळतात आणि त्यातली एक लागतेच.

अजून एक गोष्ट जी फार कमी जण सांगतात. एका आकड्यापर्यंत बेरीज करत जाणं म्हणजे 9 ने भागून बाकी घेणं, आणि बाकी शून्य आली तर 9 धरणं, दुसरं काही नाही. त्यामुळे आय आणि आर ही 9 ची अक्षरं नावात कितीही घाला, काढा, शेवटचा आकडा हलत नाही (एकटा सोल अर्ज बघताना सुद्धा आय ने काही होत नाही). आणि सोल अर्ज अधिक पर्सनॅलिटी बरोबर एक्स्प्रेशन हे कायम असतंच. मारियाच्या व्यंजनांची बेरीज 39 म्हणजे 3, आणि 1 अधिक 3 म्हणजे 4. म्हणजे तीन नंबर जुळले म्हणून तिप्पट खात्री वाटते ती खोटी, तिसरा आकडा पहिल्या दोनांवरून ठरलेलाच असतो. नऊच आकडे असल्यामुळे कुठल्याही दोन माणसांचं एक्स्प्रेशन सारखं यायची शक्यता साधारण नवात एक, आणि एकाच गटात यायची तीनात एक. तीनात एक म्हणजे बरीच झाली की.

वाय चा वाद तर मिटलेलाच नाही. नावाच्या शेवटी ई सारखा वाजला तर स्वर, सुरुवातीला य सारखा वाजला तर व्यंजन, असं बहुतेक जण धरतात, पण काहीजण तो सरसकट व्यंजन मानतात. वाय ची किंमत 7, त्यामुळे सोल अर्ज एकदम बदलतो, एक्स्प्रेशन जागेवर राहतं. दोन ठिकाणी एकाच नावाचे दोन सोल अर्ज दिसले तर आधी वाय शोधा. वाय नसेल तर दुसरी शक्यता म्हणजे समोरच्याने किरो या हात बघणाऱ्या भविष्यवेत्त्याच्या नावाने चालणारं खाल्डियन टेबल लावलंय, ज्यात कुठल्याच अक्षराला 9 नसतो.

हेक्टरचं काय झालं म्हणाल तर त्याचं आजचं इंग्लिश स्पेलिंग या टेबलात घातलं की 33 म्हणजे 6 येतात, पॅट्रोक्लसचे 35 म्हणजे 8. दोन्ही सम, लहान जिंकतो, म्हणजे परत हेक्टरच. योगायोग, पण हिपोलिटस वैतागला असता.

आणि प्रेमातला नाव-नंबर यापेक्षाही जुना आहे. पॉम्पेईच्या एका भिंतीवर कुणीतरी ग्रीकमध्ये खरडलंय, जिचा नंबर 545 तिच्यावर माझं प्रेम आहे. शहर इ.स. 79 मध्ये राखेखाली गेलं, म्हणजे त्याआधीचं हे. त्याने जुळवाजुळव केली नव्हती, बेरीज एका आकड्यावर आणलीही नव्हती, नाव लपवायला म्हणून नंबर लिहिला होता. आपण आणायची म्हटली तर 545 चे 14 आणि 14 चे 5. सोल अर्ज काढता येणार नाही, तिच्या नावात स्वर कुठले होते ते त्यालाच ठाऊक.