रॉक ओसरला की फक्त चार्टवरून उतरला?

‘रॉक आता कोण ऐकतं?’ आणि ‘चार्टवर गिटारवाले बँड का दिसत नाहीत?’ हे दोन प्रश्न बहुतेक जण एका दमात विचारतात. दुसऱ्याचं उत्तर सापडलं की पहिल्याचंही सापडलं असं धरून चालतात. बरीच वर्षं मीही तसंच करत होतो. अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० या गाण्यांच्या साप्ताहिक यादीत पहिल्या दहांत एकही बँड नाही असं पाहिलं की वाटायचं, संपलं सगळं. पण रॉक ऐकला जाणं ही एक गोष्ट आणि रॉक चार्टवर असणं ही दुसरी. दोन्ही मोजायची मापंच वेगळी आहेत.

धरणात पाणी किती आहे आणि या आठवड्यात पाऊस किती पडला, या दोन आकड्यांची गल्लत कोणी करत नाही. गाण्यांच्या चार्टबाबत मात्र ती सर्रास होते. सिंगल्सचा, म्हणजे सुट्या गाण्यांचा, चार्ट हा आठवड्याचा पाऊस. या सात दिवसांत कुठल्या गाण्याला सर्वाधिक जोर होता, एवढंच तो सांगतो. वर्षानुवर्षं साठत आलेलं ऐकणं त्यात फारसं दिसत नाही. काही ठिकाणी तर नियमच असा केलेला आहे की ते दिसू नये.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे द किलर्स या अमेरिकन बँडचं ‘मिस्टर ब्राइटसाइड’. हे गाणं आधी २००३ मध्ये आलं आणि २००४ मध्ये ब्रिटनच्या चार्टवर दहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. पुढच्या वर्षी अमेरिकेतही ते दहाव्यापर्यंतच पोचलं. म्हणजे दोन्हीकडे चांगलं यश, पण शिखर नाही. एरवी गाण्याची गोष्ट इथे संपते. ब्रिटनमध्ये ती संपली नाही. तिथल्या पहिल्या शंभरांत या गाण्याने चारशेहून अधिक आठवडे काढले. २०२४ मध्ये त्याने ओएसिसच्या ‘वंडरवॉल’ला मागे टाकलं आणि कधीच पहिल्या क्रमांकावर न गेलेल्या गाण्यांमध्ये ते ब्रिटनमधलं सर्वाधिक खपाचं गाणं ठरलं. या खपात स्ट्रीम, म्हणजे इंटरनेटवर गाणं ऐकलं गेल्याच्या वेळाही धरलेल्या असतात. ज्याला त्याने मागे टाकलं तेही १९९५ मधलं एका गिटार बँडचंच गाणं, हे मला फार बोलकं वाटतं.

आता तेच गाणं अमेरिकेच्या चार्टवर शोधून पाहा, सापडणार नाही. लोकांनी ते ऐकणं सोडलं म्हणून नव्हे, तर हॉट १०० मध्ये जुन्या गाण्यांना बाहेर काढायचा नियम आहे म्हणून. अनेक वर्षं तो नियम असा होता: वीस आठवडे चार्टवर काढलेलं गाणं पन्नासाव्या क्रमांकाच्या खाली घसरलं की ते यादीतून काढायचं. हे निकष पुढे आणखी कडक केले गेले. ब्रिटनमध्ये गाणं काढत नाहीत, पण सुरुवातीचे काही आठवडे उलटून उतरणीला लागलेल्या गाण्याच्या स्ट्रीमची किंमत निम्म्यावर आणतात. ‘मिस्टर ब्राइटसाइड’ ही अर्धी किंमत घेऊनही पहिल्या शंभरांत टिकून राहिलं. एकच गाणं, एका देशाच्या चार्टवर वर्षानुवर्षं दिसतं आणि दुसऱ्या देशाच्या चार्टवर दिसत नाही. फरक श्रोत्यांच्या आवडीत असेलही थोडाफार, पण मुख्यतः तो नियमात आहे.

हे नियम काही वाईट हेतूने केलेले नाहीत. ते नसते तर चार्ट तीच तीच जुनी गाणी दाखवत राहिला असता आणि नव्या गाण्याला जागाच उरली नसती. पण त्याची किंमत अशी की ज्या प्रकाराची ताकद जुन्या साठ्यात आहे, तो प्रकार या यादीत आहे त्यापेक्षा लहान दिसतो. रॉकची ताकद नेमकी तिथेच आहे.

चार्ट आणि रॉक यांचं जमत नाही, ही गोष्ट स्ट्रीमिंगच्याही आधीची आहे. नव्वदच्या दशकात, म्हणजे रॉक भरात असतानाही, कितीतरी गाजलेली रॉक गाणी हॉट १०० मध्ये आलीच नाहीत. तेव्हा दुकानात सिंगल म्हणून विक्रीला ठेवलेलं गाणंच या चार्टसाठी पात्र ठरायचं. लोकांनी पूर्ण अल्बम विकत घ्यावा म्हणून कंपन्या मुद्दाम सिंगल काढायच्या नाहीत. नो डाउट या बँडचं ‘डोन्ट स्पीक’ अमेरिकी रेडिओच्या चार्टवर १६ आठवडे पहिलं होतं, आणि हॉट १०० मध्ये त्याला शंभरावी जागाही नव्हती. ही अट डिसेंबर १९९८ मध्ये सुटली. त्यामुळे नव्वदच्या दशकातल्या हॉट १०० च्या याद्या समोर ठेवून ‘तेव्हा रॉक किती होता’ हे मोजायला बसलं की उत्तर चुकतं. आजच्या याद्यांशी केलेली तुलनाही मग चुकते.

तर मग ओसरणं खोटं आहे का? नाही, आणि इथे रॉकप्रेमींनी स्वतःची समजूत घालू नये असं मला मनापासून वाटतं. २०१७ मध्ये अमेरिकेत नील्सनच्या मोजणीत आर अँड बी आणि हिप-हॉप यांनी मिळून पहिल्यांदा रॉकला मागे टाकलं. अल्बम, गाणी आणि स्ट्रीम एकत्र धरून त्यांचा वाटा जवळपास एक चतुर्थांश होता, तर रॉकचा एक पंचमांशाच्या आसपास. फक्त अल्बमच्या विक्रीत रॉक अजूनही पुढे होता. स्ट्रीमिंगमध्ये मात्र तो स्पष्ट मागे पडला होता. एक रकाना दोन प्रकारांची बेरीज होता आणि दुसरा एकाच प्रकाराचा, हेही खरं आहे. तरी कल कुठे आहे याबद्दल शंका उरत नाही. जे आटलं ते नव्या रॉक बँडचं नवं सिंगल. जुना रॉक नव्हे.

आता बँडची जागा कोणी घेतली ते पाहू. ‘हिप-हॉपने’ हे सोपं उत्तर अर्धंच आहे. प्रकाराच्या जागी प्रकार आला, त्याहून मोठा बदल म्हणजे गाणं घडवणारा घटकच बदलला. चार-पाच जण एका खोलीत बसून गाणं बसवत, त्याच्या जागी एक गायक आणि एक निर्माता आला. निर्माता आधी बीट, म्हणजे गाण्याखालची ताल-वाद्यांची चौकट, बनवतो आणि गायक त्यावर चाल आणि शब्द चढवतो. दोघं कधी भेटलेलेही नसतात.

२०१९ मधलं लिल नास एक्सचं ‘ओल्ड टाउन रोड’ उलगडून पाहिलं की हे सगळं एका गाण्यात दिसतं. नेदरलँड्समधल्या यंगकिओ नावाच्या तरुण निर्मात्याने एक बीट बनवून इंटरनेटवर विक्रीला ठेवली. लिल नास एक्सने ती ३० डॉलरला घेतली. बीटचा पाया होता नाइन इंच नेल्स या रॉक गटाच्या २००८ मधल्या एका वाद्यसंगीताच्या तुकड्यावर, ज्यात छेडलेल्या तारांचा आवाज आहे. मूळ गाणं दोन मिनिटांपेक्षाही छोटं. नंतर बिली रे सायरस या कंट्री गायकासोबत त्याची नवी आवृत्ती आली आणि ते हॉट १०० मध्ये १९ आठवडे पहिलं राहिलं. त्या आवृत्तीच्या आधीच बिलबोर्डने ते कंट्रीच्या यादीतून काढलं होतं, कारण ते कंट्री वाटत नव्हतं. मूळ तुकडा वापरला म्हणून नाइन इंच नेल्सच्या ट्रेंट रेझ्नर आणि अॅटिकस रॉस यांची नावं या गाण्याच्या श्रेयात आहेत. म्हणजे रॉकच्या तारा वर्षातल्या सर्वांत मोठ्या गाण्यात होत्याच. नव्हता तो बँड.

या पद्धतीला वेग आहे. ड्रमची खोली, माइकची मांडणी, चौघांच्या तारखा, काहीच लागत नाही. एकटा गायक महिन्याभरात दोन-तीन गाणी बाहेर काढू शकतो, दुसऱ्याच्या गाण्यात पाहुणा म्हणूनही येतो, आणि दोघांचे श्रोते एका गाण्यावर जमतात. बँडला हे जमत नाही असं नाही, पण त्याचा नैसर्गिक मापदंड अल्बम आहे, दोन-तीन वर्षांतून एक.

त्यात भर पडली मोजणीची. स्ट्रीमिंग आल्यापासून अल्बममधलं प्रत्येक गाणं स्वतंत्रपणे सिंगल्सच्या चार्टवर येऊ शकतं. त्यामुळे मोठ्या एकल कलाकाराचा अल्बम आला की त्या आठवड्यात सगळी यादी त्याचीच होते. सप्टेंबर २०२१ मध्ये पहिल्या दहांतली नऊ गाणी ड्रेकची होती, आणि २०२२ मध्ये टेलर स्विफ्टने दहाच्या दहा जागा घेतल्या. ४ एप्रिल १९६४ च्या यादीत पहिली पाचही गाणी बीटल्सची होती, पण ती सुटी विकत घेतलेल्या तबकड्यांवर आणि रेडिओवर. रॉकचा चाहता आजही अल्बम अखंड घेतो, बऱ्याचदा व्हायनलवर. तो पैसा अल्बमच्या चार्टवर नोंदला जातो आणि सिंगल्सच्या यादीला त्याचा पत्ता लागत नाही.

गिटारचं काय? गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीने मे २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा गिटार मेली असं पुष्कळांनी लिहिलं. खरा भार होता तो कंपनीने इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यासाठी काढलेल्या कर्जाचा. दोनच वर्षांनी, २०२० मध्ये, फेंडर या दुसऱ्या गिटार कंपनीने आपल्या इतिहासातली सर्वाधिक विक्री केली. चार्टवरही गिटार परतली आहे. २०२३ मध्ये मॉर्गन वॉलनचं ‘लास्ट नाइट’ १६ आठवडे पहिलं होतं, २०२४ मध्ये शबूझीचं ‘अ बार साँग’ १९ आठवडे. दोन्हींत गिटार आहे, आणि दोन्ही एकट्या गायकाच्या नावावर आहेत.

यापुढे ‘रॉक संपला’ असा मथळा दिसला की मी आधी तीन गोष्टी तपासतो. सिंगल्सची यादी आहे की अल्बमची, जुनी गाणी धरली आहेत की काढली आहेत, आणि ‘रॉक’च्या रकान्यात कोणाला बसवलं आहे. शेवटचं सर्वांत निसरडं. २०२० मध्ये बिलबोर्डने आपल्या रॉक गाण्यांच्या यादीचं नाव बदलून ‘रॉक अँड ऑल्टरनेटिव्ह’ केलं, आणि त्याच वर्षी ट्वेंटीफोरकेगोल्डन या रॅपरचं गिटारच्या तुकड्यावर बांधलेलं ‘मूड’ त्या यादीत पहिलं आलं.

बँडला मुख्य चार्टचं दार पुरतं बंद झालेलं नाही. ग्लास अॅनिमल्स या ब्रिटिश बँडचं ‘हीट वेव्ह्ज’ मार्च २०२२ मध्ये हॉट १०० मध्ये पहिलं आलं. तिथे पोचायला त्याला ५९ आठवडे लागले, आणि पहिल्या क्रमांकापर्यंतची इतकी लांब चढण तोवर कुठल्याच गाण्याने चढली नव्हती. बँड चौघांचा आहे. गाणं मात्र डेव्ह बेली या गायकाने एकट्याने लिहिलं आणि त्याची निर्मितीही एकट्यानेच केली.