एक्स्पोर्ट ७० टक्क्यांवरच का थांबतो?

व्हिडिओ एडिटिंगचे सॉफ्टवेअर बंद पडले की बहुतेक जण दोनच गोष्टी करतात: कॉम्प्युटर पुन्हा चालू करतात, नाहीतर सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतात. दोन्हींत वेळ जातो आणि बिघाड कुठे होता ते कळतच नाही. त्यापेक्षा तोच एक्स्पोर्ट काहीही न बदलता आणखी एकदा लावावा आणि तो कुठे थांबतो ते कागदावर लिहून ठेवावे. दोन्ही वेळा एकाच जागी थांबला, तर दोष टाइमलाइनमधल्या सामग्रीत किंवा तयार होणाऱ्या फाईलमध्ये आहे. दर वेळी वेगळ्या जागी थांबला, तर दोष मशीनमध्ये आहे: मेमरी, ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर किंवा उष्णता. पुढची सगळी वाट या एका नोंदीवरून ठरते.

टक्केवारीवर मात्र पूर्ण भरवसा ठेवू नये. ‘टू पास’ निवडले असेल तर काही सॉफ्टवेअरमध्ये ५० टक्के म्हणजे फक्त पहिली फेरी संपली, असा अर्थ असतो. शक्य असेल तिथे टाइमलाइनवरची वेळ किंवा फ्रेमचा आकडा पाहावा. अर्धवट राहिलेली एमपी४ फाईल उघडून बघायचा बेत बहुधा फसतो. कोणती फ्रेम फाईलमध्ये कुठे आहे याची अनुक्रमणिका सहसा सगळ्यात शेवटी लिहिली जाते, त्यामुळे मध्येच थांबलेली फाईल कितीही मोठी असली तरी प्लेअरला तिचे डोके-शेपूट कळत नाही.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. बडोद्यात दांडिया बाजार भागातल्या एका मराठी मंडळाची दिवाळी पहाट. गाण्यांचा कार्यक्रम तीन जणांनी तीन मोबाईलवर चित्रित केला आणि मंडळाच्या सेक्रेटरींच्या भाच्याने लॅपटॉपवर त्याचा ५० मिनिटांचा व्हिडिओ जोडला. बिटरेट, म्हणजे व्हिडिओच्या एका सेकंदाला खर्च होणारा डेटा, ठेवला १६ एमबीपीएस. एक्स्पोर्ट ७० टक्क्यांच्या आसपास थांबायचा, दर वेळी तिथेच. ३५व्या मिनिटाला एका मोबाईलची क्लिप सुरू होत होती, त्यामुळे सगळ्यांनी दोष तिच्यावर ढकलला. “काका, तुमचाच फोन खराब आहे,” असे सांगूनही झाले.

इथे अर्धे-अर्धे करण्याची पद्धत कामाला येते. टाइमलाइनवर इन आणि आउट खुणा लावून आधी ० ते २५ मिनिटे एक्स्पोर्ट करायची, मग २५ ते ५०. जो अर्धा फसेल त्याचे पुन्हा दोन भाग. असे सात वेळा केले की ५० मिनिटांतून अर्ध्या मिनिटापेक्षाही लहान तुकडा हाती लागतो. प्रत्येक टप्प्यावर एकच भाग तपासला, तर या सगळ्या तुकड्यांची बेरीज एका पूर्ण एक्स्पोर्टपेक्षाही कमी भरते, म्हणून ही पद्धत वाटते तितकी वेळखाऊ नाही. पण पहिल्या टप्प्यावर दोन्ही अर्धे तपासायलाच हवेत. पहिला पास झाला म्हणून दुसरा नापासच असणार, असे गृहीत धरणे धोक्याचे.

कारण या उदाहरणात दोन्ही अर्धे व्यवस्थित बाहेर पडले. संशयित क्लिप दुसऱ्या अर्ध्यात होती आणि तिने काहीच त्रास दिला नाही. पूर्ण ५० मिनिटे लावली की पुन्हा ७० टक्के. म्हणजे दोष कोणत्याही एका जागेत नव्हता, साचत जाणाऱ्या कशात तरी होता. साचणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोन: वापरात अडकून राहणारी मेमरी आणि वाढत जाणारी फाईल. मेमरीचा प्रश्न असता तर थांबण्याची जागा थोडीफार हलली असती. मग फाईलचा आकार पाहिला. तो ४ जीबीला टेकून थांबला होता.

मग हिशेब जुळला. १६ एमबीपीएसचे चित्र आणि थोडा आवाज मिळून सेकंदाला साधारण २० लाख बाइट होतात. एक्स्पोर्ट थेट पेन ड्राइव्हवर चालला होता, आणि तो FAT32 पद्धतीने फॉरमॅट केलेला होता. FAT32 मध्ये एका फाईलची कमाल मर्यादा ४,२९,४९,६७,२९५ बाइट. भागाकार केला की ३५ मिनिटे येतात, आणि ५० पैकी ३५ म्हणजे ७० टक्के. काकांचा फोन निर्दोष सुटला. ड्राइव्हवर कितीही जागा मोकळी असली तरी ही मर्यादा हलत नाही. म्हणूनच ‘डिस्क भरली’ असा संदेश आला की लोक चक्रावतात. खात्री करायची असेल तर बिटरेट निम्मा करून पाहावा. आधीची थांबायची जागा ओलांडून एक्स्पोर्ट पुढे गेला, तर क्लिपचा काही संबंध नाही.

उपाय दोन. एक्स्पोर्ट लॅपटॉपच्या आतल्या ड्राइव्हवर करून पेन ड्राइव्ह ही मर्यादा नसलेल्या exFAT पद्धतीने फॉरमॅट करून घ्यावा (त्यात ड्राइव्हवरचे सगळे पुसले जाते, आधी प्रत काढून ठेवावी). पण मंडळातल्या बऱ्याच घरांतले जुने टीव्ही exFAT वाचत नाहीत. तिथे बिटरेट १० एमबीपीएस करणे सोयीचे: ५० मिनिटांची फाईल सुमारे ३.८६ अब्ज बाइटांची होते आणि मर्यादेत बसते. फुल एचडी गाण्याच्या कार्यक्रमाला तेवढा बिटरेट माझ्या मते पुरे.

एकच अर्धा नापास झाला असता तर खेळ वेगळा. तुकडा लहान करत नेल्यावर त्यातले इफेक्ट आधी बंद करून पाहायचे. मग त्या क्लिपच्या जागी साधा रंगाचा पट्टा ठेवून एक्स्पोर्ट करायचा. तेवढ्याने काम झाले की मूळ क्लिप तपासायला घ्यायची. त्यासाठी ffmpeg हे मोफत साधन आहे. पुढची आज्ञा पूर्ण क्लिप उलगडते, नवी फाईल बनवत नाही आणि फक्त चुका दाखवते:

```
ffmpeg -v error -i clip.mp4 -f null -
```

काहीच छापले नाही तर क्लिप बहुधा ठीक. `error while decoding MB` अशा ओळी आल्या तर मधला डेटा बिघडला आहे, बहुतेक वेळा कॉपी करताना. मूळ फोनमधून पुन्हा कॉपी करणे हा पहिला आणि स्वस्त उपाय. `moov atom not found` आले तर अनुक्रमणिकाच नाही: रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी गेली, किंवा कॉपी अर्धवट राहिली.

दर वेळी वेगळ्या जागी बंद पडणाऱ्या मशीनबद्दल थोडक्यात. विंडोजमध्ये ग्राफिक्स कार्डाने ठरावीक वेळात उत्तर दिले नाही, तर ते अडकले असे समजून ड्रायव्हर पुन्हा चालू केला जातो. ही मुदत मुळात २ सेकंदांची असते, आणि त्या झटक्यात एडिटर बंद पडू शकतो. Event Viewer मध्ये त्या वेळेला 4101 क्रमांकाची नोंद दिसली, तर हेच घडले. मग हार्डवेअर एन्कोडिंग बंद करून सॉफ्टवेअर एन्कोडिंगवर, म्हणजे ग्राफिक्सऐवजी प्रोसेसरकडून, तोच एक्स्पोर्ट लावावा. सावकाश का होईना पूर्ण झाला, तर संशय ग्राफिक्सवर जातो. बडोद्याच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारी फसणारा एक्स्पोर्ट पहाटे निमूट पूर्ण होतो का, हेही बघण्यासारखे असते. लॅपटॉप गादीवर ठेवून एक्स्पोर्ट लावणाऱ्यांना मी याहून जास्त काही सांगत नाही.

आता अडखळत चालणारा प्लेबॅक. याच दिवाळी पहाटेत एका फोनच्या क्लिप टाइमलाइनवर झटके खात होत्या, बाकी दोघांच्या सरळ चालत होत्या. ३० फ्रेमच्या टाइमलाइनवर प्रत्येक फ्रेम तयार करायला ३३ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात फाईल वाचायची, फ्रेम उलगडायची, इफेक्ट लावायचे आणि पडद्यावर न्यायची. यातले कुठले काम उशीर करते, ते एकेक बदल करून शोधायचे. प्लेबॅकचे रेझोल्यूशन अर्धे किंवा पाव केले आणि झटके गेले, तर बोजा इफेक्टचा होता. तरीही राहिले, तर बोजा बहुधा उलगडण्याचा. डिस्कवर लगेच आळ घेऊ नये: फोनचा ५० एमबीपीएसचा ४के व्हिडिओ सेकंदाला जेमतेम ६ एमबी मागतो, आणि तेवढे साधी हार्ड डिस्कही देते.

उलगडणे जड का होते? फोन जागा वाचवण्यासाठी प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम, आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदलले तेवढेच. सरळ पाहताना हे चालून जाते. पण एडिटरमध्ये मध्येच कुठेतरी उडी मारली की मागची पूर्ण फ्रेम शोधून तिथपासून सगळ्या फ्रेम उलगडत यावे लागते. एचईव्हीसी या जास्त दाबून साठवणाऱ्या प्रकारातली १०-बिट क्लिप असेल आणि लॅपटॉपच्या ग्राफिक्समध्ये ती उलगडायची सोय नसेल, तर सगळा भार प्रोसेसरवर पडतो. क्लिपमध्ये काय आहे ते असे बघता येते:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=codec_name,pix_fmt,r_frame_rate,avg_frame_rate -of default=nw=1 clip.mp4
```

त्या फोनच्या क्लिपमध्ये `codec_name=hevc` तर होतेच, पण आणखी एक गोष्ट दिसली. `r_frame_rate` ३० होता आणि `avg_frame_rate` साधारण २७. म्हणजे फ्रेमची गती स्थिर नव्हती. कार्यक्रम अंधारात सुरू झाला; प्रकाश कमी असला की बरेच फोन प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ उजेड मिळावा म्हणून गती आपोआप कमी करतात, आणि उजाडल्यावर पुन्हा ३० वर येतात. स्थिर गतीच्या टाइमलाइनवर अशी क्लिप झटके देते, आणि काही सॉफ्टवेअरमध्ये तबल्याचा आवाज हाताच्या हालचालीपासून हळूहळू सरकत जातो. एडिटिंगपुरती हलकी प्रत, म्हणजे प्रॉक्सी, वापरली तरी हा सरकता आवाज जातोच असे नाही. त्यासाठी क्लिप स्थिर गतीत बदलून घ्यावी लागते:

```
ffmpeg -i clip.mp4 -vf fps=30 -c:v dnxhd -profile:v dnxhr_sq -pix_fmt yuv422p -c:a pcm_s16le out.mov
```

या प्रकारात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवली जाते, म्हणून उडी मारणे हलके होते. किंमत जागेची: फुल एचडीचे एक मिनिट १ जीबीच्या घरात जाते, आणि ४के असेल तर त्याच्या चौपट. १०-बिट क्लिप यात ८-बिट होते, त्यामुळे रंगांवर बारीक काम करायचे असेल तर `dnxhr_hqx` आणि `yuv422p10le` वापरावे.

हे रूपांतर कट लावायच्या आधी करावे. अर्धे एडिटिंग झाल्यावर जुन्या क्लिपच्या जागी नवी जोडली, तर एडिटरने जुन्या क्लिपची वेळ जशी मोजली होती तशी नवीची मोजली जाईलच असे नाही, आणि कट काही फ्रेम पुढेमागे सरकू शकतात. भाच्याने हेच केले होते. त्याला त्या फोनचा प्रत्येक कट पुन्हा आवाजाच्या लहरींवरून जुळवावा लागला.