‘आम्हाला फक्त मुलगी आणि नारळ’ : हुंडा मागणारा वेगळा आणि पार्सल अडकवणारा वेगळा

गेल्या महिन्यात एका साखरपुड्यात लग्नाच्या साइटवरच्या फसवणुकीबद्दल परत तेच ऐकलं. "अगं मुलगा चांगलाच वाटत होता, एक रुपयाही मागितला नाही त्याने, मग फसवणूक कशी म्हणायची?" हे वाक्य मी आत्तापर्यंत किमान चार घरांत ऐकलंय आणि दरवेळी डोकं फिरतं, कारण गल्लत नेमकी याच वाक्यात आहे.

देण्याघेण्याची बोलणी आपल्याला कुणी शिकवायला नकोत. बैठक होते, मामा-काका बसतात, "तुमच्या हौसेने काय ते करा" असं म्हणत हळूच हॉल, सोनं, गाडी पुढे येते. १९६१ पासून कायद्याने बंदी आहे तरी चालतंच. पण या लोभी माणसाला घर असतं, पत्ता असतो, तो चहा पिऊन गेलेला असतो आणि त्याची मागणी लग्नाला बांधलेली असते, द्याल तर पुढे जाऊ. त्यामुळे आपण सगळ्यांनी एकच चाळणी तयार ठेवलीये: मागतो का? मागत नाही? मग चांगलं स्थळ.

ऑनलाइन फसवणाऱ्याला ही चाळणी आपल्यापेक्षा चांगली माहितीये. म्हणून तो पहिल्याच आठवड्यात सांगून टाकतो, आम्हाला काही नको, मुलगी आणि नारळ. तिथे घरचे निवांत होतात. त्यानंतर तो खरंच काही मागत नाही, तो देतो. आणि मग दिलेलं मध्येच कुठेतरी अडकतं.

माझ्या मावसबहिणीचं सांगते, तिच्या परवानगीने. प्रोफाइल इंग्लंडमधल्या इंजिनिअरचं, मूळ महाराष्ट्रातला, घटस्फोटित. तिसऱ्या दिवशी बोलणं साइटवरून व्हॉट्सॲपवर गेलं, कारण काय तर "मी साइटवर फारसा नसतो". (प्रोफाइलवर व्हेरिफाइडची खूण होती म्हणे. बऱ्याचदा त्या खुणेचा अर्थ मोबाइल नंबर किंवा एखादं ओळखपत्र तपासलं एवढाच असतो, नोकरी आणि घटस्फोट कुणी तपासलेला नसतो, पण लोक ती खूण पोलिसांच्या शिक्क्यासारखी धरतात.) नवव्या दिवशी त्याने पार्सल पाठवल्याचं सांगितलं, उघड्या खोक्याचा फोटो, आत फोन, चेन, एक घड्याळ आणि पाकिटात पाच हजार पाउंड, "लग्नाच्या खरेदीला तुझ्याकडे ठेव". ही नको नको म्हणत राहिली, तो रुसला.

बाराव्या दिवशी दिल्ली कस्टममधून बोलतेय म्हणून एका बाईचा फोन. पार्सल आलंय, ड्युटी २८,५०० भरा. हिने त्याला विचारलं तर तो ओशाळला, म्हणाला माझ्यामुळे तुला त्रास, पण पार्सल परत पाठवलं तर माझ्यावर केस होईल. भरले. दुसऱ्या दिवशी तीच बाई, स्कॅनमध्ये परदेशी नोटा दिसल्यात, मनी लाँडरिंगचं सर्टिफिकेट लागेल, ७४,०००. हेही भरले. संध्याकाळी तिसरा फोन आला, इन्कम टॅक्स क्लिअरन्स, १,६०,०००.

आता बघा, मागितले कुणी? त्याने नाही. ‘सरकार’ने. म्हणजे ती बोट करणार कुणाकडे, तोही बिचारा तिच्यासारखाच अडकलेला! शिवाय हा खर्च वाटत नाही, कारण पाच हजार पाउंड घरी आले की सगळं वसूल आणि वर काही लाख उरतात. हुंड्याचे पैसे गेले ते गेले हे आपल्याला माहीत असतं, इथले पैसे कायम ‘परत येणारे’ असतात. हुंड्याचा आकडा एकदा ठरतो, फार तर घासाघीस होते. इथे प्रत्येक भरणा पुढच्या अडचणीला जन्म देतो आणि आकडा दुपटीहून जास्त चढतो, कारण २८,५०० वाचवायला माणूस ७४,००० भरतो आणि ते दोन्ही वाचवायला दीड लाख. म्हणून मागतो का हा प्रश्नच इथे कामाचा नाही. विचारायचं ते असं, की या माणसाला प्रत्यक्ष भेटायच्या आधी याच्याशी जोडलेल्या कुठल्याही कारणासाठी माझ्या खात्यातून पैसे जातायत का. कारण काहीही असो आणि फोन कुणाचाही असो.

पार्सलच्या बाबतीत तर अजून सोपं आहे. कुरिअरने खरं पार्सल आलं तर ड्युटीचा हिशोब कुरिअर कंपनीमार्फत पावतीसकट येतो, पोस्टाने आलं तर पोस्ट वसूल करतं. कस्टमवाले कुणाच्या वैयक्तिक बचत खात्यात पैसे मागत नाहीत. त्यांच्या पत्रावर डीआयएन नावाचा नंबर असतो, २०१९ पासून, तो त्यांच्याच साइटवर टाकून बघता येतो. ट्रॅकिंग नंबरही त्यांनी पाठवलेल्या लिंकवर बघायचा नाही, कंपनीची साइट स्वतः उघडून बघायचा. आमच्याकडे मात्र यातलं काही नाही, साध्या यूपीआय स्क्रीनने काम केलं. तिसऱ्या वेळी मी शेजारी बसले होते, नंबर टाकल्यावर वर नाव आलं, कुठल्यातरी एका बाईचं, नुसतं नाव-आडनाव. मी म्हटलं, भारत सरकारचं आडनाव हे कधीपासून झालं? तेव्हा ती थांबली. असली खाती बहुतेक भाड्याने घेतलेली असतात, त्या बाईला स्वतःलाही पूर्ण गोष्ट माहीत नसेल.

देशातल्या देशात होतं तेव्हा पार्सल नसतं, बाकी तेच. कार्ड ब्लॉक झालं, आठ हजार पाठव, आणि दोन दिवसांत तो ते परत करतो!! या परतफेडीवर लोक भाळतात. ते आठ हजार म्हणजे गळाला लावलेलं आमिष. मुलांनाही हेच होतं, तिकडून मुलगी असते, आईचं ऑपरेशन असतं, नाहीतर वाढदिवसाला गिफ्ट कार्ड.

मग खरी अडचण कुणाला येतच नाही का? येते की. म्हणून मी अडचण खरी आहे का नाही यावर वाद घालत नाही, एकच करायला सांगते: पैशांऐवजी माणूस पाठवते म्हणा. कुठलं हॉस्पिटल, माझा मामा काउंटरवर येऊन भरेल. खऱ्या माणसाला हायसं वाटतं, किंवा फार तर संकोच वाटतो. खोट्याला राग येतो, "तुझा माझ्यावर विश्वास नाही", आणि हॉस्पिटलचं नाव काही केल्या सांगता येत नाही. व्हिडिओ कॉलवर मी फार भिस्त ठेवत नाही, दहा सेकंद अंधुक चेहरा दिसला की लोक खूश होतात.

त्या संध्याकाळीच आम्ही १९३० ला फोन केला, दोन्ही व्यवहारांचे नंबर दिले आणि cybercrime.gov.in वर तक्रार टाकली. ७४,००० मधले ४१,००० पुढच्या खात्यात अडवता आले, आधीचे २८,५०० केव्हाच पुढे गेले होते. चॅट डिलीट करून ब्लॉक करायची घाई तिला झाली होती, लाज वाटते ना, पण तेच तर पुरावे, त्यामुळे आधी स्क्रीनशॉट काढायला लावले. अडवलेले पैसे हातात यायला कोर्टाचा आदेश लागला आणि बरेच महिने गेले.

मधल्या काळात एक फोन आला. सायबर विभागातून बोलतोय, तुमची पूर्ण रक्कम सापडलीये, फक्त ४,५०० प्रोसेसिंग फी भरा. ताई म्हणाली, ऑफिसचा पत्ता सांगा, मामांना पाठवते. फोन कट.