चांदीचा चमचा की चांदीचं पाणी? झिजलेली जागा काय सांगते

(जुने चमचे, काटे आणि ट्रे तपासायला आणणाऱ्या ग्राहकांसाठी)

आधी एक विनंती. वस्तू आमच्याकडे आणताना घासूनपुसून, पॉलिश करून आणू नका. लखलखीत वस्तू बघायला छान असते, पण तिच्यावरून काही कळत नाही. काळवंडलेली वस्तू बरंच काही सांगते, कारण चांदी आणि तिच्याखालचा धातू एकसारखे काळे पडत नाहीत.

स्टर्लिंग म्हणजे हजार भागांत 925 भाग चांदी, उरलेलं बहुतेक तांबं. हा मिश्रधातू बाहेरून आतपर्यंत एकच असतो. मुलाम्याच्या वस्तूत चांदीचा फक्त पातळ थर असतो आणि खाली दुसराच धातू. चमच्या-काट्यांत तो बहुधा जर्मन सिल्व्हर असतो. नावात ‘सिल्व्हर’ असलं तरी यात चांदी औषधालाही नसते, असतं ते तांबं, जस्त आणि निकेल. ईपीएनएस अशी इंग्रजी अक्षरं दिसली की समजावं, जर्मन सिल्व्हरवर विजेच्या साहाय्याने चांदी चढवलेली आहे. शेवटची दोन अक्षरं बीएम असतील तर खाली ब्रिटानिया मेटल, म्हणजे मुख्यतः कथील.

शिक्क्यांबद्दल इतकंच सांगतो की इंग्लंडच्या स्टर्लिंगवर चालणारा सिंह असतो आणि शेजारी तपासणी झालेल्या शहराची खूण. बर्मिंगहॅमचा नांगर, लंडनचं बिबट्याचं मुंडकं. मुलाम्याच्या वस्तूंवरही कारखानदार चौकोनात एकेक अक्षर असे तीन-चार छाप ओळीने मारत, ते लांबून हॉलमार्कसारखेच दिसतात. नुसतं ‘शेफील्ड’ लिहिलेलं असेल तर त्यावरून गावाचं नाव कळतं, धातूचं नाही. शिवाय घासून घासून शिक्का पुसलेला असतो, तेव्हा झिजेकडेच वळावं लागतं.

कुठे बघायचं?

चमचा पालथा घाला. वाटीचा जो फुगीर भाग टेबलावर टेकतो, तिथे सगळ्यात आधी मुलामा जातो. काट्याच्या दातांची टोकं, ट्रेच्या पायांखालची जागा, कडेवरच्या नक्षीची उंच टोकं, हीही तशीच ठिकाणं. खोलगट जागी, फडकं पोचत नाही तिथे, थर शाबूत राहतो. म्हणून एकाच चमच्यावर दोन रंग दिसतात. खालचा रंग पिवळट राखाडी असेल तर जर्मन सिल्व्हर. गुलाबी-तांबूस असेल तर तांबं. निळसर, मंद, शिशासारखा असेल आणि वस्तूला पोचेही सहज पडलेले असतील तर ब्रिटानिया मेटल. स्टर्लिंग झिजतं तेव्हा नक्षी बोथट होते, काट्याचे दात आखूड होतात, पण रंग बदलत नाही.

एक अपवाद मात्र आहे, आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त घोळ त्यावरूनच होतो. स्टर्लिंगच्या सपाट भागावर कधीकधी ढगासारखा जांभळट करडा डाग असतो. ग्राहक म्हणतात, ‘बघा, चांदी उडाली, खालचं दिसतंय!’ तसं नसतं. घडवताना चांदी तापवली की तिच्यातलं तांबं पृष्ठभागाजवळ ऑक्सिजनशी संयोग पावतं. त्याला फायरस्टेन म्हणतात. तो झाकायला पूर्वीचे कारागीर वरून शुद्ध चांदीचा पातळ थर देत. तो थर वर्षानुवर्षांच्या पुसण्याने गेला की डाग वर येतो. वस्तूखाली पांढरा कागद धरून तिरक्या उजेडात बघा. मुलामा गेल्याची जागा नेमकी उंचवट्यावर किंवा टेकणाऱ्या भागावर असते. फायरस्टेनला घासण्याशी देणंघेणं नसतं, तो ट्रेच्या मधोमधही पसरतो. या डागापायी लोकांनी अस्सल चांदी मुलाम्याच्या भावात दिल्याचं आम्ही पाहिलं आहे.

गुलाबी कडेचा ट्रे

मध्यंतरी एक ट्रे आला. कडेच्या आतल्या बाजूला आणि मधल्या पट्ट्यांवर गुलाबी झाक होती. मालकाचं म्हणणं, ‘यावर नवीन चांदी चढवून द्या.’ आम्ही आधी कडेवर नख फिरवलं, तर नखाला बारीक सांधा लागला. काठावर चांदीची वेगळी तार बसवलेली होती. मग मधल्या कोरीव चिन्हावर तोंडाची वाफ टाकली. क्षणभर चिन्हाभोवती चौकट उमटली, म्हणजे तिथे जाड चांदीचा वेगळा तुकडा बसवला होता. नुसत्या पातळ थरावर कोरलं असतं तर तांबं उघडं पडलं असतं, म्हणून ही युक्ती. हा जुना शेफील्ड प्लेट. 1740च्या दशकात थॉमस बोल्सओव्हर याने शोधलेल्या रीतीत तांब्याच्या ठोकळ्यावर चांदीचा पत्रा तापवून चिकटवायचे आणि मग दोन्ही एकत्र लाटायचे. पत्रा कापला की कडेला तांबं दिसे, म्हणून ती तार. 1840 साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी विजेच्या मुलाम्याचं पेटंट घेतल्यावर ही पद्धत मागे पडली. विजेच्या मुलाम्यात सगळी वस्तू एकदम बुडवतात, त्यामुळे कडही झाकली जाते आणि तारेची गरज उरत नाही. तांब्यावर विजेने चांदी चढवलेल्या वस्तूही आहेत, तेव्हा नुसत्या गुलाबी रंगावरून ‘जुना शेफील्ड’ ठरवू नका, सांधा शोधा. या ट्रेवर नवी चांदी चढवायला आम्ही नकार दिला. झिजलेला जुना शेफील्ड संग्राहक घेतात. पुन्हा मुलामा दिला की मूळ काम झाकलं जातं आणि किंमत उतरते. साध्या ईपीएनएसवर मात्र खुशाल पुन्हा चढवा, त्यात काही बिघडत नाही.

शिक्का नाही, झीजही नाही, तर?

भरीव चमचा किंवा काटा असेल तर पाण्यात तोलून बघा. ग्रॅमचा दशांश दाखवणारा वजनकाटा लागतो. चमच्याचं वजन घ्या. समजा 62 ग्रॅम आलं. आता वजनकाट्यावर पाण्याचा उंच पेला ठेवून आकडा शून्य करा. चमचा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला लागू देऊ नका, बुडबुडेही झटकून टाका. आता वजनकाट्यावर जो आकडा येईल त्याने 62 ला भागा. 7.1 आला तर उत्तर सुमारे 8.7, म्हणजे जर्मन सिल्व्हर. स्टर्लिंगचा तेवढ्याच वजनाचा चमचा कमी जागा व्यापतो, आकडा 6च्या आसपास येतो आणि उत्तर 10.3 च्या जवळ. सुऱ्यांना ही रीत लागू नाही. त्यांच्या मुठी पोकळ असून आत राळ भरलेली असते आणि पातं पोलादाचं. चुंबकावर विसंबू नका. जर्मन सिल्व्हरही त्याला चिकटत नाही.

आम्लाचा थेंब टाकून घरी परीक्षा करू नका. वरच्या थरात चांदी असतेच, त्यामुळे मुलाम्याची वस्तूही पास होते. खरं उत्तर हवं तर कानसीने खाच पाडावी लागते, आणि ती खाच पुन्हा भरत नाही.